रोखपालाची दोन दिवसांची रजा

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी हिंगोलीतल्या एका पतसंस्थेत रोखपालाने व्यवस्थापकांच्या टेबलावर दोन पानांचा अर्ज ठेवला. रोखपाल दोन पानं लिहितो तेव्हा आत बहुधा राजीनामा असतो, नाहीतर कबुलीजबाब. व्यवस्थापकांनी चष्मा पुसला आणि दार लोटून घेतलं.

"'सहकाराच्या पवित्र क्षेत्राची आजन्म सेवा करण्याचे स्वप्न उराशी बाळगून...' हे काय आहे?"

"रजेचा अर्ज, साहेब."

"मला वाटलं संचालकपदाला उभा राहतोस."

"परीक्षा आहे. जी.डी.सी. अँड ए."

"मग ती कुठं लिहिलीय?"

"दुसऱ्या पानावर, साहेब. खालून तिसरी ओळ."

जी.डी.सी. अँड ए. म्हणजे सहकार आणि लेखाकर्माची शासकीय पदविका. राज्याच्या सहकार खात्यामार्फत तिची परीक्षा वर्षातून एकदा, मे महिन्याच्या उत्तरार्धात होते. तीन दिवसांत सहा पेपर, म्हणजे रोज दोन. शुक्रवार, शनिवार, रविवार असं साधारण वेळापत्रक असतं. हिंगोलीच्या उमेदवाराला त्यासाठी नांदेड गाठावं लागतं. वारंगा फाटा आणि अर्धापूर करत एसटी दोन-अडीच तास घेते, आणि सकाळच्या पेपरला तिच्यावर विसंबणारा उमेदवार फारच श्रद्धाळू म्हणायचा. पदविका हाती आली म्हणजे कुणी लगेच संस्थांचा प्रमाणित लेखापरीक्षक होत नाही. त्याला पदवी लागते, लेखापरीक्षणाचा अनुभवही लागतो. पण व्यवस्थापकांच्या डोळ्यांसमोर मधल्या पायऱ्या आल्या नाहीत.

"म्हणजे उद्या तूच आमचं ऑडिट करायला येणार?"

"नाही साहेब, इथं नोकरीला असताना इथलंच ऑडिट कसं करता येईल?"

"मग नोकरी सोडणार?"

"नाही साहेब."

"मग परीक्षा कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर अर्जात दीड पान दिलेलं होतं आणि ते दोघांनाही पुन्हा वाचवेना. चहा घेऊन आलेले शिपाईमामा भिंतीला टेकून उभे राहिले. टेबलावर कप ठेवायला त्यांना नेहमी बराच वेळ लागत असे.

व्यवस्थापकांची अडचण खोटी नव्हती. एकतीस मार्चला वर्ष संपतं, सहकार कायद्याप्रमाणे पुढच्या चार महिन्यांत लेखापरीक्षण उरकावं लागतं, म्हणजे मे महिना व्हाउचर शोधण्यात आणि शिलकी जुळवण्यात जातो. त्यातच हळदीचा हंगाम. शेतकरी बाजार समितीतून पट्टी घेऊन निघाला की कर्जाचा हप्ता भरायला आणि लेकीच्या लग्नासाठी ठेव मोडायला एकाच दिवशी खिडकीवर येतो. अशा वेळी रोखपालाला सोडायचं म्हणजे प्रश्नच.

रोखपालाने मात्र कायदा वाचून ठेवला होता. परीक्षेच्या अभ्यासक्रमात नसलेलं तेवढंच माणूस मन लावून वाचतो.

"साहेब, दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. आपल्या कार्यालयात पंचवीस माणसं आहेत, म्हणजे तो आपल्याला लागू. वर्षाला आठ नैमित्तिक रजा पगारी. शिवाय वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा. मी गेल्या वर्षी दोनशे ऐंशी दिवस भरले. चौदा रजा झाल्या."

"मग त्या चौदातल्याच घे."

"त्या नकोत. मला विशेष परीक्षा रजा पाहिजे, खात्यातून वजा न होणारी."

"तुझ्या कायद्यात आहे का तसली?"

रोखपाल गप्प बसला. ती नव्हतीच. खासगी नोकरीतल्या माणसाला आपण होऊन दिलेल्या परीक्षेसाठी वेगळी पगारी रजा तो कायदा देत नाही. रजा किती ते कायदा सांगतो. ती कशासाठी वापरायची ते ज्याचं त्याने बघायचं.

"पण साहेब, माझे साडू सरकारी खात्यात आहेत. त्यांचा परीक्षेचा दिवस कामाचा दिवस धरतात. प्रवासाचा वेळसुद्धा."

"साडूंची परीक्षा त्यांच्या खात्यानंच बंधनकारक केलेली असेल. सरकारनं बसवलं म्हणून सरकारनं दिवस दिला. तुला कुणी बसवलं?"

"बायकोनं."

"मग तिच्याकडं माग रजा," मामा पुटपुटले.

रोखपालाने शेवटचं अस्त्र काढलं. "साहेब, जिनिव्हाला १९७४ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं ठराव केलाय. करार क्रमांक एकशे चाळीस, पगारी शैक्षणिक रजेचा."

"भारतानं मान्य केलाय?"

"...नाही."

"आणि केला असता तरी आपलं कार्यक्षेत्र हिंगोली जिल्ह्यापुरतं आहे. जिनिव्हात आपली शाखा नाही."

इथे सहसा अशी बोलणी तुटतात. अर्जदार म्हणतो, साहेबाला शिक्षणाची किंमत नाही. साहेब म्हणतो, पोराला कामाची नाही. दोघेही अर्धे खरे असल्यामुळे भांडण वर्षभर टिकतं. या टेबलावर ते टिकलं नाही, कारण मामा मध्ये पडले.

"साहेब, तुम्ही दोघं कायद्याचं बोलायलेत. तिजोरीची चावी कुणाकडं राहणार, ते कुणीच बोलना."

खोली शांत झाली. तिजोरीला दोन चाव्या. एक व्यवस्थापकांकडे, दुसरी रोखपालाकडे. दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. एक चावी नांदेडला पेपर सोडवत बसली तर शुक्रवारी हळदवाल्याला ठेव कुठून देणार? रोखपालाच्या दोन पानांत स्वप्न होतं, सहकार होता, वडिलांचे कष्ट होते. चावी नव्हती. आणि व्यवस्थापक मघापासून ज्यासाठी नाही म्हणत होते ते हेच होतं, फक्त त्यांच्या तोंडी ऑडिट येत होतं.

"बस," व्यवस्थापक म्हणाले. "कोरा कागद घे. आधी सांग, नेमके किती दिवस पाहिजेत?"

"तीन."

"रविवारी आपण उघडतो का?"

"नाही. मग दोन."

"सीएल किती शिल्लक?"

रोखपालाने बोटं मोजली. आठ रजा एकदम मिळत नाहीत, दर तिमाहीला जमा होतात. जानेवारीत दोन, एप्रिलमध्ये दोन, झाल्या चार. एक संक्रांतीला घेतली. राहिल्या तीन.

"तीनातल्या दोन घेतल्या तर अर्जित रजेला हात लागत नाही. मग भांडतोयस कशाला?"

"पण विशेष रजा..."

"ती माझ्या हातात नाही रे! सेवानियमात नसलेली रजा द्यायची तर संचालक मंडळाचा ठराव लागतो. तुझा हा अर्ज मी तसाच वर पाठवला तर तो पुढच्या सभेपर्यंत पडून राहील, आणि सभा आहे जूनमध्ये. एका कागदावर दोन मागण्या केल्यास म्हणून सोपी मागणी अवघड मागणीसाठी थांबणार. दोन कागद कर. एक मला, रजेचा. दुसरा अध्यक्षांना: ही परीक्षा पास होणाऱ्याचा बढतीत विचार व्हावा आणि परीक्षेचे दिवस विशेष रजा धरावेत. तो मंजूर झाला तर तुझ्या दोन सीएल परत जमा करू."

हिंगोलीतच काय, कुठल्याही कचेरीत रजेचे निम्मे अर्ज नामंजूर होत नाहीत, ते नुसते पडून राहतात. ज्याच्या सहीने काम होतं त्याच्यापुरतंच त्याच्याकडे मागितलं तर कागद हलतो.

"प्रवेशपत्र जोडलंस का?"

"अजून आलं नाही. ते परीक्षेच्या तोंडावर येतं."

"म्हणून अर्ज तोंडावर देऊ नकोस. परीक्षेच्या वेळापत्रकाची प्रत जोड, अर्ज भरल्याची पावती जोड, आणि प्रवेशपत्र आल्यावर देतो असं लिही. आज पाच तारीख. पुढं सीएलचं काही अडलं आणि अर्जित रजा टाकावी लागली, तर कायद्यातली पंधरा दिवस आधीची अटही यात बसते. ती वाचलीस ना?"

ती वाचली होती. आपल्या बाजूने लावायची सुचली नव्हती. अर्ध्या तासाने टेबलावर आलेला कागद असा होता:

"विषय : दि. २३ व २४ मे रोजी नैमित्तिक रजा मिळणेबाबत.

महोदय, सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा दि. २३ ते २५ मे या काळात नांदेड केंद्रावर आहे. त्यासाठी शुक्रवार दि. २३ व शनिवार दि. २४ मे या दोन दिवसांची नैमित्तिक रजा मंजूर करावी आणि रविवारची साप्ताहिक सुट्टी जोडून मुख्यालय सोडण्यास परवानगी द्यावी, ही विनंती. माझ्या तीन नैमित्तिक रजा शिल्लक आहेत. गुरुवार दि. २२ रोजी रोकड मोजून चावीसह प्रभार आपण नेमाल त्या कर्मचाऱ्याकडे देईन व सोमवार दि. २६ रोजी सकाळी परत घेईन. वेळापत्रक व परीक्षा अर्जाची पावती सोबत जोडली आहे. प्रवेशपत्र मिळताच सादर करीन."

व्यवस्थापकांनी तो एका दमात वाचला. हे कागदाला मिळालेलं मोठंच प्रशस्तिपत्र होतं.

"स्वप्न कुठं गेलं?"

"काढलं, साहेब."

"आणि गुरुवारी निघणार कधी? रोकड जुळायला साडेपाच वाजतात. नोटांचे गठ्ठे लावून, चावीच्या नोंदवहीत दोघांच्या सह्या होईपर्यंत सहा. नांदेडला पोचून खोली शोधणार रात्री नऊला आणि सकाळी हिशेबाचा पेपर सोडवणार?"

रोखपालाने याचा विचारच केला नव्हता. व्यवस्थापकांनी लाल पेन काढून शेरा लिहिला: 'मंजूर. गुरुवारी रोख व्यवहार तीन वाजता बंद. सूचना फलकावर आठ दिवस आधी लावावी.' मग जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: 'प्रभार कनिष्ठ लिपिकाकडे.'

"साहेब, कनिष्ठ लिपिकाच्या बहिणीचं लग्न आहे तेवीसला," मामा म्हणाले. "पत्रिका तुमच्याच खणात हाय."

व्यवस्थापकांनी खण उघडला. पत्रिका होती. पत्रिकेच्या खाली कनिष्ठ लिपिकाचा रजेचा अर्जही होता. एप्रिलमध्येच आलेला, एका पानाचा. त्यांनी लाल पेनने शेवटची ओळ खोडली.

"मग खिडकीवर कोण बसणार, साहेब?" रोखपालाने विचारलं.

"मी बसतो. माझी चावी वरिष्ठ लिपिकाकडं देतो, तुझी मी घेतो."

"दोन्ही दिवस?"

"दोन्ही दिवस."

मामांनी रिकामे कप उचलले. "साहेब, मला बी एक कोरा कागद द्या."

"तुम्हाला कशाला?"

"तेवीस-चोवीसची रजा टाकावी म्हणतो. तुम्ही नोटा मोजायले की रांग पार गांधी चौकात जाती, अन् लोकं शिव्या मला देतात."