पान नंबर एक, दुसरे

सोसायटीचे खजिनदारकाका तुमच्याही इमारतीत असतीलच. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, म्हणून आदल्या रात्री ते एक्सेलच्या सगळ्या शीट एकदम छापतात आणि सकाळी जाहीर करतात, "प्रिंटरने घोळ घातलाय."

यंदा चार शीटची पाच पाने 1 ते 5 अशी नीट आली. पाचवी शीट थकबाकीची, तिच्या दोन पानांवर पुन्हा 1 आणि 2. शिवाय तळाशी छापलेले 'पाणीपट्टी'! काका म्हणाले, "पान एक काढा." अर्ध्या सभेने देखभालीचा खर्च काढला, उरलेल्यांनी थकबाकीदारांची नावे. पहिले नाव माजी अध्यक्षांचे. पुढची वीस मिनिटे पाणीपट्टी कोणी बुडवली यावर भांडण झाले. ती कोणीच बुडवली नव्हती.

"प्रिंटर," काका पुटपुटले.

प्रिंटर बिचारा सांगितले तेवढेच छापतो. एक्सेलमध्ये प्रत्येक शीटचा फूटर वेगळा असतो. थकबाकीची शीट काकांनी जुन्या फाइलमधल्या पाणीपट्टीच्या शीटची नक्कल करून बनवली, आणि तिच्या फूटरमध्ये नाव हाताने टाइप केलेले होते. नक्कल केल्यावर तेही सोबत आले. शिवाय ती मूळ शीट कधीतरी एकटी छापताना `Page Setup` मधल्या `First page number` समोर त्यांनी 1 लिहिला होता. तिथे `Auto` असते, तर मागच्या शीटवरून आकडे पुढे चालू राहिले असते. बाकीच्या चार शीटवर नावच नव्हते, कारण तिथे फूटरमध्ये फक्त पान नंबर घातलेला.

मी काकांना बसवून दाखवले. पहिल्या शीटच्या टॅबवर क्लिक, शिफ्ट दाबून शेवटच्या टॅबवर क्लिक. वर `Group` दिसले की `Page Setup` उघडून `First page number` मध्ये `Auto` लिहायचे, आणि फूटरमध्ये हे घालायचे:

```
&[Tab]  पान &[Page]
```

`&[Tab]` च्या जागी त्या त्या शीटचे नाव आपोआप येते. मग `Ungroup Sheets` करायला विसरायचे नाही, नाहीतर एका शीटमध्ये लिहिलेला आकडा पाचही शीटच्या त्याच चौकटीत जाऊन बसतो.

काका ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या बँकेत खतावणीच्या पानांवर नंबर छापूनच यायचे. पान फाडले तर नोकरी जायची." त्यांच्या हिशेबात आजवर एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही, हे मला नाइलाजाने कबूल करावे लागते. रात्री दोनपर्यंत जागून फुकट हे काम करणारा दुसरा माणूस इमारतीत नाही.

सभेने नवा प्रिंटर मंजूर केला. खजिनदारपदासाठी अर्ज एकच आला, काकांचा.