काळी चार

मानोऱ्यात दुपारी लाइट गेली की पंखे बंद पडतात आणि माझा बॅटरीवरचा कीबोर्ड सुरू होतो. शेजारी या दोन्ही गोष्टींसाठी वीज खात्यालाच बोल लावतात.

परवा मी ‘छाया’ (१९६१) मधलं तलत-लताचं ‘इतना ना मुझसे’ काढायला बसलो. नोटेशन समोर घ्यायचं नाही, कानावरच काढायचं, असा पण होता. सुरुवात चटकन सापडली. पांढरी चार, मग तीन, तीन. हेच तीनदा, आणि मग वरच्या पांढरी एकवर उडी. तिथून पायरी पायरीनं खाली. सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या! म्हणजे पांढरी एक हाच सा, असं ठरवून मी डाव्या हातानं सी मेजर धरला. तो बसलाही. पण तलतचं ते दुखरं गाणं लग्नाच्या बँडसारखं वाजू लागलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, “कोणाची वरात निघाली हो?”

दुसऱ्या ओळीत तीच चाल एक पायरी खालून येते. तिथं उतरताना एक सूर काही केल्या लागेना. पांढरी पाच दाबली की वरातीतला घोडाच बिथरल्यासारखं वाटायचं.

शेवटी भजनी मंडळात पेटी वाजवणारे शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, “बाबू, गाणं जिथं दम घेते, थो सा. तू दुसऱ्याच्या घरात चूल मांडून राह्यला.”

मी ओळ गुणगुणत शेवटपर्यंत गेलो. गाणं दम घेत होतं पांढरी सहावर! म्हणजे हा ए मायनर. सी मेजरनं मला फसवलं, कारण दोन्ही कॉर्डमध्ये पांढरी एक आणि तीन सामाईक आहेत, आणि पहिला तुकडा नेमका याच दोन सुरांवर टेकतो. आता डावा हात ए मायनरवर ठेवला, पहिली ओळ खाली उतरून पांढरी दोनवर थांबली तिथं डी मायनर घेतला, आणि वरात एकदम गंभीर झाली.

दुसऱ्या ओळीखाली ई सेव्हन लागतो. त्या कॉर्डमध्ये काळी चार असते, आणि माझा हरवलेला सूर तोच होता. ती दाबली की गाणं पुन्हा ए मायनरकडे, म्हणजे घराकडे ओढलं जातं. अख्ख्या मुखड्यात काळी पट्टी लागते ती एवढी एकच.

विजयानं मी काकांना सांगितलं, की सलील चौधरींनी ही चाल मोझार्टच्या १७८८ सालच्या चाळिसाव्या सिंफनीवरून घेतली.

काका म्हणाले, “म्हंजे त्यायनंबी कानानंच काढली! पण त्यायले सा सापडला होता.”

तेवढ्यात लाइट आली. पंखा सुरू झाला, मिक्सरही. मिक्सरचा सा मात्र मला अजून सापडलेला नाही.