मागणी, पुरवठा आणि पावशेर

अर्थशास्त्र दोन मिनिटांत समजावणाऱ्या व्हिडिओंत एक भाजीवाला ठरलेला असतो. डोक्यावर टोपी, ओठांवर मिशी, गाडीवर कधीच न कोमेजणारी पालेभाजी आणि चेहऱ्यावर दिवसभर टिकणारं हसू. मग पडद्यावर दोन रेषा येतात. एक चढते, एक उतरते, दोघी जिथे एकमेकींना कापतात तिथे टिंग असा आवाज होतो आणि भाजीवाला पाटीवर भाव लिहितो. गिऱ्हाईक वाढलं की खोडून वाढवतो, माल वाढला की खोडून उतरवतो. संपला धडा, लाईक करा.

या भाजीवाल्याला एकदा जळगावात आणायला हवा. आणायचाच तर मार्गशीर्षात आणावा, निदान भरीत तरी खाईल.

भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधीही आसोदा आणि बामणोदच्या वांग्याला प्रमाणपत्राची गरज नव्हती म्हणा. हिरवट-पांढरं, कमी बियांचं, आगीवर भाजलं की साल सुटून येणारं. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं अजून पुष्कळ आहेत. ती चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. म्हणजे मागणी चार महिने दबलेली आणि एका तिथीला उसळलेली. व्हिडिओवाल्यांना आयती गोष्ट! रेषा वर सरकवा, टिंग वाजवा, भाव दुप्पट करा.

गोम अशी की ही तिथी शेतकऱ्यालाही ठाऊक असते. त्याच्याही भिंतीवर कालनिर्णय आहे. पावसाळ्यात लावलेलं रोप दोन-अडीच महिन्यांनी तोड्यावर येतं आणि मग काही महिने फळ देत राहतं, हा हिशेब धरूनच तो लागवड करतो. तेव्हा मागणी उसळते त्याच सुमाराला मालही उसळतो. सगळ्यांना आधीपासून माहीत असलेली मागणी भावाला फार काळ उचलून धरत नाही. भाव हलतो तो अनपेक्षित किंवा हाताबाहेरच्या गोष्टीने. चंपाषष्ठी 2024 साली 7 डिसेंबरला होती, 2025 साली 26 नोव्हेंबरला आली. पंचांग अकरा दिवस अलीकडे सरकलं, झाडाला कोण सांगणार? त्यातच ऐन कार्तिकात ढगाळ हवा धरली, अवकाळी झाला आणि शेंडा व फळ पोखरणारी अळी शिरली, तर तोडलेल्या मालातला बराचसा बाजूला काढावा लागतो. वांग्याला बारीक भोक दिसलं की घरातली आजी ते परत टाकते. भोक पाडणारी अळी आणि परत टाकणारी आजी, दोघीही व्हिडिओत नसतात.

आता पहाटेच्या बाजार समितीत या. आज किती वांगी आली हे ठरून गेलेलं आहे. तोडलेला माल परत झाडाला लावता येत नाही आणि परवापर्यंत टिकतही नाही, म्हणून आलाय तेवढा आजच विकायचा. लिलावात वक्कल पुढे येतं, बोली लागते, सुटलेल्या भावाला शेतकऱ्याची पट्टी बनते. पुरवठ्याची ती सुबक तिरकी रेषा इथे सरळ उभी असते, आणि तिच्यासमोर गिऱ्हाईकही हट्टी असतं. रोजच्या फोडणीला टोमॅटो लागतोच, स्वस्त झाला म्हणून कुणी चारपट खात नाही. दोन्ही बाजू अशा ताठ असल्या की धक्का एकट्या भावालाच सोसावा लागतो. आवक दहा टक्के घटली म्हणून भाव दहा टक्के वाढला, असं होत नाही. इंग्लंडात चार्ल्स डेव्हनंटने 1699 साली धान्याचा हिशेब मांडला होता: पीक एक दशांश कमी पडलं तर भाव तीन दशांशांनी चढतो, दोन दशांश कमी पडलं तर आठ दशांशांनी. भाजी तर धान्याहून नाशवंत. धान्याला निदान कोठार असतं.

या सगळ्यात आपला टोपीवाला कुठे आहे? मागे, चहा पीत, लिलाव ऐकत. भाव त्याने ठरवलेला नाही. त्याच्या हातात दोनच निर्णय आहेत. सकाळी किती माल उचलायचा आणि संध्याकाळी कितीला सोडायचा. दोन्हींत चूक झाली तर त्याचीच मजुरी जाते.

वांग्याचे लाड पुरे झाले, आता टोमॅटोचं एक कॅरेट घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत, हिशेब मात्र खरा आहे. कॅरेटमध्ये 20 किलो, लिलावाचा भाव 10 रुपये किलो, म्हणजे 200 रुपये. आडत, हमाली, रिक्षा मिळून 40. (आडत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. 2016 च्या जुलैत राज्य सरकारने ती खरेदीदाराच्या अंगावर टाकली. खरेदीदार ती कुणाच्या अंगावर टाकतो हे आपल्याला खिशावरून कळतंच.) या कॅरेटमागे भाजीवाल्याची दिवसाची मजुरी 120 धरा. झाले 360. वीस किलोतले दोन दबलेले, फुटलेले. उरले 18. त्यातले 14 पूर्ण भावाने जातात आणि 4 दिवेलागणीला अर्ध्या भावाने. म्हणजे पूर्ण भावाचे 16 किलोच. 360 ला 16 ने भागा, साडेबावीस रुपये. दहाचा टोमॅटो गाडीवर तेवीसला! गिऱ्हाईक म्हणतं, दुपटीहून जास्त, लूट आहे.

आता लिलाव 80 रुपयांवर गेला असं समजा. कॅरेट 1600 चं. आडत टक्क्यात असल्याने वरखर्च सव्वाशेच्या घरात जातो, मजुरी तीच 120. बेरीज 1845 च्या आसपास, भागिले 16, म्हणजे एकशे पंधरा. दुप्पट सोडा, दीडपटही नाही. नासाडी आणि आडत भावाबरोबर वाढतात. मजुरी, हमाली, रिक्षा वाढत नाहीत. म्हणून भाव चढतो तेव्हा गाडीवर तितक्या पटीने चढत नाही आणि पडतो तेव्हा तितक्या पटीने पडत नाही. लिलावात 80 चे 10 झाले, म्हणजे आठवा हिस्सा. गाडीवर 115 चे 23, म्हणजे पाचवा हिस्सा. शेतकरी रस्त्यावर टोमॅटो ओततोय आणि आपल्या गल्लीत मात्र वीसच्या खाली येत नाही, या कोड्याचा मोठा भाग या भागाकारात आहे. सगळा नाही. मधे आणखी दोन व्यापारी असले तर प्रत्येकाची अशीच वजाबाकी असते. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासात टोमॅटोसाठी ग्राहकाने मोजलेल्या रुपयातले पिकवणाऱ्याला सुमारे 33 पैसे मिळतात असं आलं आहे.

गाडीवाला खरंच जास्त उकळतोय का, हे ओळखायचं असेल तर पटीत बघू नका, रुपयांतला फरक बघा. बाजार समितीचे दर क्विंटलमागे असतात, शंभरने भागले की किलोचा भाव. त्यातला सर्वसाधारण दर नव्हे, जास्तीत जास्त दर धरा, कारण गाडीवर निवडक मालच येतो. लिलाव उतरून तीन-चार दिवस झाले आणि गाडीवरचा फरक आधीइतकाच राहिला, तर मग घासाघीस करा, खुशाल करा. पहिल्याच दिवशी केलीत तर तो म्हणेल, "माले नही परवडत, ताई." त्या दिवशी ते खरंही असेल, त्याच्या गाडीवर कालचा महाग माल शिल्लक असतो.

मान्य, तोही काही संत नाही. भाव बोलण्याची त्याची कला धुळ्यात पाचकंदीलला उभं राहून ऐकावी. गवार स्वस्त असते तेव्हा "पन्नासला दीड किलो" अशी आरोळी असते. महागली की किलो हा शब्दच तोंडातून जातो. "तीस रुपये पाव!" एकशे वीस म्हटलं असतं तर गिऱ्हाईक पुढे गेलं असतं. पावशेरावर थांबतं, पिशवी उघडतं आणि घरी जाऊन गवारीत बटाटा घालतं. ही सगळी मागणीची रेषाच आहे, फक्त ती पिशवीच्या तोंडाशी वाकते. पण पावशेराने त्याचंही दुखतं. वीस किलोंऐवजी दहाच खपले की तीच मजुरी दहांवर बसते आणि भाव आणखी दोन पायऱ्या चढतो.

जळगाव आणि धुळ्याच्या भावात फार अंतर का पडत नाही, हेही व्हिडिओत एका बाणाने उरकता येईल. एरंडोल-पारोळ्यावरून नव्वदेक किलोमीटर. तिकडे वांगं चार रुपयांनी तेज झालं की पिकअप निघते, आणि डिझेल-हमालीत जाईल इतकाच फरक टिकतो. मे महिन्यात मात्र बाण वाकडा होतो. पारा चव्वेचाळीसला असताना मेथी दुपारी निघाली तर पोचेपर्यंत तिचा पाला काळवंडतो, म्हणून माल रात्री हलतो किंवा हलतच नाही. मग एका गावात मेथी महाग आणि दुसऱ्या गावात गुरांपुढे.

आणि भाव पडण्या-चढण्याचं हे चक्र दर दोन-चार वर्षांनी एवढं मोठं का फिरतं? 2023 साली मे महिन्यात राज्यात टोमॅटो दोन रुपये किलोवर आला, लोकांनी उभ्या पिकाकडे पाठ फिरवली, नवी लागवड टाळली. जुलैत देशातल्या काही शहरांत तोच टोमॅटो दोनशेच्या वर गेला. उन्हाळा आणि रोगही होतेच, पण दोनशेचं बरंचसं बी त्या दोन रुपयांत होतं. रोप लावल्यापासून तोडा येईपर्यंत दोन महिने जातात, आणि लावताना शेतकऱ्यासमोर आजचा भाव असतो, तोड्याच्या दिवसाचा नसतो. जुलैत दोनशे बघून ज्यांनी लावला त्यांचा माल एकदम आला आणि सप्टेंबरात भाव पुन्हा आपटला. मॉर्डेकाय इझिकेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1938 साली या गिरकीवर मोठा निबंध लिहिला, तिला कोळ्याच्या जाळ्याचं नाव आहे. आपल्याकडे तिला नशीब म्हणतात.

दोन मिनिटांच्या व्हिडिओत हे दोन महिने मावत नाहीत, कबूल. पण एक गोष्ट मावेल. भाजीसोबत मिळणारी फुकटची कोथिंबीर. जुडी पाच रुपयांची असते तेव्हा भाजीवाला न मागता चार काड्या टाकतो. पन्नासची झाली की मागितल्यावरही आभाळाकडे बघतो. ही भाववाढ कुठल्याच निर्देशांकात बसत नाही, कारण फुकटच्या वस्तूला भाव नसतो. सरकारचा महागाईचा आकडा दर महिन्याच्या बारा तारखेच्या सुमारास येतो, तोही मागच्या महिन्याचा. कोथिंबिरीचा रोज येतो, सकाळी साडेआठला, गाडीसह दाराशी.