भाव गेला, अलर्ट आला

शेअरच्या भावाचा अलर्ट लावायला अर्धा मिनिट पुरतो. ट्रेडिंग ॲपमध्ये शेअर उघडायचा, घंटेच्या चिन्हावर बोट ठेवायचे, ‘शेवटचा भाव इतका किंवा याहून कमी’ अशी अट निवडायची, आकडा भरायचा आणि निश्चिंत व्हायचे. पहिल्या चार गोष्टी ॲप करू देते. पाचवी गोष्ट फोनच्या हातात असते, आणि फोनला शेअरबाजारापेक्षा स्वतःच्या बॅटरीची काळजी जास्त असते.

समजा, एक शेअर ४८२ रुपयांवर रेंगाळतो आहे आणि सांगलीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी तो ४७०ला घ्यायचा असे मनाशी पक्के केले आहे. अलर्ट लावून फोन टीपॉयवर ठेवून ते पेपर वाचायला बसले. ११ वाजून ४२ मिनिटांनी भाव ४६९.८०ला टेकला. फोन वाजला १२ वाजून १७ मिनिटांनी, म्हणजे गृहस्थांनी वेळ बघायला तो उचलला तेव्हा. तोवर भाव ४७८ झाला होता. अशा प्रसंगी ब्रोकरचा उद्धार करण्याची पद्धत आहे. त्यातून मन हलके होते, पण पस्तीस मिनिटे कुठे गेली ते कळत नाही.

ती शोधण्यासाठी तीन वेळा शेजारी मांडाव्या लागतात. भाव खरोखर कधी टेकला, ही पहिली. ती एक मिनिटाच्या चार्टवर दिसते. अट पूर्ण झाल्याची नोंद ब्रोकरच्या सर्व्हरने कधी केली, ही दुसरी. ती बहुतेक ॲपमध्ये अलर्टच्या यादीत किंवा खुद्द संदेशाच्या मजकुरात असते. फोन कधी वाजला, ही तिसरी, आणि ती संतापामुळे आपोआप लक्षात राहते. पहिली आणि दुसरी यांत अंतर असेल तर दोष ब्रोकरकडे. दुसरी आणि तिसरी यांत असेल तर वाटेत किंवा टीपॉयवर. सांगलीच्या प्रकरणात दुसरी वेळ ११:४२ हीच होती. ब्रोकर निर्दोष सुटला, हे ऐकून गृहस्थांना आनंद झाला असे म्हणता येणार नाही.

ब्रोकरचा दोष अगदीच नसतो असे नाही. बाजार सव्वानऊला उघडतो तेव्हा असंख्य शेअरचे भाव एकदम हलतात आणि असंख्य अटी एकाच क्षणी तपासाव्या लागतात. त्यात माणसांना गोल आकड्यांचे वेड. ५०० किंवा १,००० या भावावर अलर्ट लावणाऱ्यांची गर्दी होते आणि तो भाव आला की सगळ्यांचे संदेश एकदम रांगेत उभे राहतात. दुसरे म्हणजे, साध्या ॲपला बाजारातला प्रत्येक सौदा दिसत नाही. ठरावीक अंतराने टिपलेला भाव तेवढा दिसतो. दोन टिपणांच्या मधल्या क्षणात भाव ४६९.८०ला टेकून परत ४७०.५०ला गेला, तर अलर्ट वाजतच नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे: दिवसाचा नीचांक ४६९.८० दिसतो, आणि अलर्ट मात्र ‘चालू’ अवस्थेत शांतपणे वाट पाहत असतो. एनएसईचा भाव लावून बीएसईचा चार्ट बघणाऱ्यांनाही अलर्ट चुकला असेच वाटते, पण तो वेगळा आजार.

संदेश ब्रोकरकडून निघाला की थेट फोनवर येत नाही. अँड्रॉइड फोनसाठी तो सहसा गूगलच्या फायरबेस क्लाउड मेसेजिंग या सेवेकडे जातो, आयफोनसाठी ॲपलच्या तशाच सेवेकडे. पाठवणाऱ्याने त्यावर प्राधान्य लिहायचे असते: ‘उच्च’ किंवा ‘सामान्य’. ही चिठ्ठी फार महत्त्वाची. कारण २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोनला ‘डोझ’ नावाची वामकुक्षी शिकवलेली आहे. चार्जरला न लावलेला फोन पडदा बंद करून काही काळ एका जागी पडून राहिला की तो ॲपचे इंटरनेट बंद करतो, अधूनमधून थोडा वेळ डोळे किलकिले करून साचलेली कामे उरकतो आणि पुन्हा झोपतो. पडून राहण्याची वेळ वाढेल तसे असे दोनदा जागे होण्यामधले अंतरही वाढते. ‘उच्च’ प्राधान्याचा संदेश त्याला हलवून उठवतो. ‘सामान्य’ संदेश दाराबाहेर बसून राहतो.

टीपॉयवर नेमके हेच घडले. फोन चार्जरला लावलेला असता तर डोझ लागला नसता. फोन उचलून पडदा उजळल्याबरोबर तीन-चार ॲपच्या सूचना एकदम येऊन आदळल्या. सूचनांची अशी थप्पी एकाच क्षणी पडली, की फोन झोपला होता हे जवळजवळ नक्की समजावे.

यावर गृहस्थांचा आक्षेप बिनतोड होता: मग त्याच पस्तीस मिनिटांत नातेवाइकांच्या ग्रुपवरचे गुलाबाचे फूल वेळेवर कसे आले? उत्तर थोडे क्रूर आहे. गप्पांची ॲप आपले संदेश ‘उच्च’ प्राधान्याने पाठवतात. शिवाय अँड्रॉइड ९ पासून फोन प्रत्येक ॲपची वापरानुसार वर्गवारी करतो आणि क्वचित उघडल्या जाणाऱ्या ॲपच्या पडद्यामागच्या कामांवर जास्त बंधने घालतो. दिवसातून चाळीस वेळा पोर्टफोलिओ बघणाऱ्या अधीर माणसाचे ॲप पहिल्या वर्गात बसते. घेऊन विसरून जाणारा संयमी गुंतवणूकदार फोनच्या लेखी नालायक ठरतो. काही फोन कंपन्यांची स्वतःची बॅटरी-बचत यापुढेही जाते आणि ॲप पार बंदच करून टाकते.

उपाय सेटिंग्जमध्ये आहे. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीसमोर `Unrestricted` निवडावे. सूचनांच्या यादीत भावाच्या अलर्टचा प्रकार `Silent` वर नाही ना, तेही बघावे. अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला सूचना पाठवण्याची परवानगी मागावी लागते. ती घाईघाईत नाकारलेली असेल, तर उशिराचा प्रश्नच उद्भवत नाही.

एवढे करूनही अलर्ट ही बातमीच राहते. तो वाजल्यावर फोन उघडणे, पिन आठवणे आणि ऑर्डर टाकणे यात भाव थांबून राहत नाही. म्हणून अलर्ट ४७०ऐवजी ४७४ला लावणे बरे, म्हणजे तयारीला वेळ मिळतो. नाहीतर जीटीटी वापरावी: भाव टेकला की ब्रोकरचा सर्व्हर स्वतःच ऑर्डर पाठवतो, फोन झोपला तरी चालते. खात्यात पैसे मात्र त्या क्षणी हवेत, नाहीतर ऑर्डर नाकारली जाते.

खरेदीत जीटीटी बहुधा निभावून नेते. ४७०ची अट आणि ४७०चीच मर्यादा लावलेली असताना शेअर सकाळी ४६१ला उघडला, तर तो ४६१च्या आसपासच मिळतो. विक्रीत मात्र हिशेब उलटतो. तोटा रोखण्यासाठी ४७०ला विकायची अट आणि ४६९ची मर्यादा लावली आणि शेअर ४६१ला उघडला, तर ऑर्डर बाजारात जाते खरी, पण ४६९ला घेणारा कोणी नसतो. भाव वर येईपर्यंत ती तशीच लोंबकळते आणि त्या दिवशी आला नाही तर संध्याकाळी रद्द होते. विक्रीची मर्यादा अटीच्या बरीच खाली, म्हणजे इथे ४५५च्या सुमारास ठेवली, तर ४६१ला ती पार पडते.