सुटायचं कधी बे?

आमच्या टॉवेलच्या पेढीच्या मालकांनी रात्री पावणेअकराला ग्रुपवर टाकलं, ‘उद्यापासून सगळे 9.30 शार्प. जीन्स टीशर्ट बंद. कारणं नकोत.’ खाली हात जोडलेले. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले आणि मालक नसलेल्या दुसऱ्या ग्रुपवर खरी चर्चा सुरू झाली. तिथला पहिलाच प्रश्न, ‘सुटायचं कधी बे?’

मराठी बरं म्हणून नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी आधी मालकांना विचारलं, साडेनऊ का? बोलता बोलता उलगडलं: ट्रान्सपोर्टवाला संध्याकाळी पाचनंतर गाठी घेत नाही, माल एक दिवस पडून राहतो आणि गिऱ्हाईक फोनवर शिव्या घालतं. म्हणजे काम वाढवायचं नव्हतं, नुसतं अलीकडे सरकवायचं होतं. मग सुटीही अर्धा तास आधी? मालक गप्प. मी दाखला दिला: राज्य सरकारनं 29 फेब्रुवारी 2020पासून पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा आदेशात 9.45 ते 6.15 अशी दोन्ही टोकं होती. शनिवार मिळतोय हे दिसलं, म्हणून वाढीव मिनिटं लोकांनी गिळली.

आता जीन्स. डिसेंबर 2020मध्ये सरकारनं कार्यालयांत जीन्स-टीशर्ट बंद केले, कारण शासनाची प्रतिमा; काही महिन्यांत जीन्सला माफी मिळाली. आमच्याकडची प्रतिमा म्हणजे बाहेरगावच्या व्यापाऱ्यानं टीशर्टातल्या हिशेबनिसाला चहा सांगितला होता. आणि त्यानं आणलाही! मग नियम पुढच्या दालनापुरता पुरे. गोदामात मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, टॉवेलचे तंतू नाकात जाताना इन्सर्ट कोणासाठी करायचा? अख्ख्या देशाला युनिफॉर्म शिवून देणाऱ्या गावात आमची ही गत.

शेवटी कागदावर आलं ते असं:

‘पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून कामाची वेळ 10 ते 6.30ऐवजी 9.30 ते 6. एकूण तास तेवढेच. कारण: गाठी पाचच्या आत ट्रान्सपोर्टला पोचाव्यात. आपल्या भागात सकाळी नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी 10 ला आलं तरी चालेल, 6.30 ला निघावं. व्यापाऱ्यांसमोर बसणाऱ्यांनी कॉलरचा शर्ट, सलवार-कुर्ता किंवा साडी असा पोशाख करावा. जीन्स चालेल. गोदामाला हा नियम नाही. अडचण असल्यास 25 तारखेपर्यंत हिशेबनिसांना सांगावी.’

मालकांनी दोनदा वाचलं. “सहाला सुटी असं मी कधी म्हणालो?”

“म्हणाला नव्हता, मालक. म्हणून तर लिहिलं.”

पाण्याच्या ओळीवर मात्र ते काही बोलले नाहीत. त्यांच्याही घरी टाकी भरायचीच असते. सही झाली. एक प्रत फळ्यावर लावली, दुसरी वरच्या मजल्यावर त्यांच्या पुतण्याला द्यायला गेलो. अकरा वाजले होते. साहेब अजून यायचे होते.