बे वार जम्या पछी

घाटकोपर पूर्वेला औषधाच्या दुकानात उभं राहायचं, तर बी. फार्म.च्या बरोबरीने गुजरातीही लागतं, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर चिठ्ठीवर लॅटिन लिहितात: बीडी, टीडीएस, एचएस. आमचे शेठ पाकिटावर त्याचं अंकगणित करतात: 1-0-1. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एका काकांनी ते सरळ एकशे एक वाचलं आणि "आटली बधी?" म्हणून पाकीट काउंटरवर परत ठेवलं. त्यांची चूक नव्हती. एकशे एक हा आकडा लग्नाच्या पाकिटावर शोभतो, औषधाच्या नाही.

मग शेठनी गुजरातीत स्टिकर छापायचं ठरवलं. औषधाचं ज्ञान माझं, भाषा शेजारच्या इमारतीतल्या मास्तरांची. मास्तर गुजराती शाळेतून निवृत्त झालेले. स्टिकर दोन बोटं रुंदीचा, पण त्यांनी पहिला मजकूर आणला तो असा: 'दैनिक द्विवार भोजन पश्चात् औषध ग्रहण करवुं.' वाचून गोळी घ्यायची की दीक्षा, तेच कळेना. मी म्हटलं, "मास्तर, घरात बोलता तसं लिहा." ते जरा दुखावले, पण दुसऱ्या दिवशी आणलं: 'दिवसमां बे वार जम्या पछी एक गोळी लेवी.' सुटसुटीत, चिठ्ठीबरहुकूम. आमचा नवा पोऱ्या साताऱ्याचा. त्याने मात्र विचारलं, "जम्या पछी म्हणजे जमलं तर घ्यायची का?" त्याला सांगितलं, गुजरातीत जमणं म्हणजे जेवणं. तो म्हणाला, "मग बरंय, गुजरात्यांना रोज जमतं."

पहिला स्टिकर लागला तो चौथ्या मजल्यावरच्या बांच्या पाकिटावर. बा काठियावाडच्या, वाचतात फक्त गुजराती. डॉक्टरांनी साखरेसाठी मेटफॉर्मिन 500 लिहून दिलेलं, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, पोट बिघडतं, म्हणून अन्नासोबत. पंधरा दिवसांच्या तीस गोळ्या दिल्या. पंधरा दिवस गेले, वीस गेले, बांचा पत्ता नाही. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक उशिरा आलं की उधारी नसली तरी काळजी वाटते, कारण गोळ्या उरतायत म्हणजे कुठेतरी चुकतायत. बा महिन्याने आल्या, प्रसन्न चेहऱ्याने, आणि म्हणाल्या, "गोळी बहु चाले छे!"

दिवसाला एकच घेत होत्या. का, तर लेबलवर लिहिलंय तसंच: "बे वार जमी लऊं, पछी ज लऊं ने!" दोनदा जेवून झालं की मग गोळी. आता हे वाक्य मराठीत करून पाहा: 'दिवसातून दोनदा जेवल्यावर एक गोळी घ्यावी.' बा अगदी बरोबर वाचत होत्या. दोनदा हे गोळीचं की जेवणाचं, ते वाक्याने सांगितलंच नव्हतं. शिवाय डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना दिसली असती वाढलेली साखर, आणि त्यांनी डोस वाढवला असता.

मास्तरांनी लगेच वाक्य फिरवलं: 'जम्या पछी एक गोळी, दिवसमां बे वार.' शंका फिटली असं वाटलं. तरी मी बांना विचारलं, "उद्या उठल्यापासून सांगा, केव्हा काय घ्याल?" 'समजलं ना?' हा प्रश्न मी कधीच सोडून दिलाय. त्याला सगळे मान हलवतात, तीही इतक्या प्रेमाने की आपल्यालाच समजल्यासारखं होतं. बांनी हिशेब सांगितला: उठल्यावर चहा-खाखरा, एक वाजता जमवानुं, मग गोळी; रात्री आठला जमवानुं, मग दुसरी गोळी.

"आणि सकाळी?"

"सवारे क्यां जमीए छीए? नास्तो ए कंई जमवानुं कहेवाय?"

खरंच की. आपल्याकडे तरी पोह्यांना जेवण कोण म्हणतं? बांनी लेबल तंतोतंत पाळलं तर दोन गोळ्यांत सात तासांचं अंतर आणि नंतर सतरा तास काहीच नाही. डॉक्टरांना हवी होती एक सकाळी नाश्त्याबरोबर आणि एक रात्रीच्या जेवणाबरोबर, पण लॅटिनमध्ये जेवण म्हटलं की त्यात सगळंच खाणं येतं. त्यामुळे तिसऱ्या स्टिकरवरून 'बे वार' काढूनच टाकलं. दोन ओळी केल्या: 'सवारे नास्ता पछी 1 गोळी.' खाली, 'रात्रे जम्या पछी 1 गोळी.' मास्तर म्हणाले, यात भाषा उरलीच नाही. मी म्हटलं, गोळ्याही उरणार नाहीत.

शेठनी खूश होऊन हजार छापले. चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या बेन पाकीट हातात धरून विचारू लागल्या, "रात्रे? रात्रे तो अमे जमता ज नथी." त्या जैन, चौविहार पाळणाऱ्या. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही, त्यामुळे रात्रीची गोळी गिळायची तर नुसती गिळावी लागणार. मुंबईत हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, त्यामुळे त्यांचं संध्याकाळचं जेवण ऋतूप्रमाणे सरकतं. सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेपाच, असं मेटफॉर्मिनला चालेल का, हे मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. स्टिकर माझा असला तरी वेळ बदलायचा अधिकार माझा नाही. ते म्हणाले, चालेल, जेवणासोबत असलं म्हणजे झालं. पण पर्युषणात एकासणं असलं, म्हणजे दिवसात एकदाच जेवण, तर गोळ्यांचं काय करायचं ते आधी येऊन विचारा, असंही त्यांनी बजावलं. ते मी पाकिटाच्या मागे पेनने लिहिलं. स्टिकरवर मावणार नव्हतं.

त्यांच्यासाठी वेगळा स्टिकर: 'सांजे जम्या पछी, सूर्यास्त पहेलां.' बांनी मधेच सुचवलं की आमच्याकडे संध्याकाळच्या जेवणाला 'वाळु' म्हणतात, तेच घाला. पोऱ्याने ते मोठ्याने वाचलं, 'वाळु पछी एक गोळी', आणि बराच वेळ तो विचारात पडला. शिवाय मुंबईत वाढलेल्या नातवंडांनाही तो शब्द परका. वाळु वगळलं.

छापलेल्या हजारांपैकी नऊशेच्या वर शेठच्या गल्ल्याखाली पडून आहेत. मागे हिशेब लिहायला बरे पडतात, म्हणतात.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधाला एवढं रामायण होणार नाही, म्हणून 'ड' जीवनसत्त्वाच्या 60,000 युनिटच्या कॅप्सूलला मास्तरांचा मजकूर तसाच ठेवला: 'अठवाडियामां एक वार.' आठ कॅप्सूल, आठ आठवडे. ही रोज घेऊन आठ दिवसांत संपवणारे लोक असतात, आणि जास्त झाली तर रक्तात कॅल्शियम वाढतं, म्हणून मी धास्तावलेलाच होतो. चौविहारवाल्या बेननी पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "कयो वार?"

मास्तर तिथेच होते. त्यांनी समजावलं की इथे वार म्हणजे वेळा. सोमवार-मंगळवारचा वार नव्हे. बेन म्हणाल्या, "ए तो बराबर, पण कयो?" मला त्यांना मिठाई द्यावीशी वाटली. आठवड्यातून एकदा म्हटलं की माणूस विसरतो किंवा रोज घेतो. वार ठरला की दोन्ही टळतं. मी 'दर' लिहून पुढे जागा कोरी सोडली. सोमवार नको, उपवास असतो, असं बा म्हणाल्या. रविवार बेननी नाकारला, सून माहेरी जाते आणि गोळ्यांचा डबा तिच्या ताब्यात. मास्तर अजूनही व्याकरण सांगतायत, पण बेनचा गुरुवार ठरला आहे.