तेरीज जुळली, पेपर बुडाला

बारावीच्या पुस्तपालनाच्या सराव परीक्षेचा संविधान तक्ता हा शिक्षकांनी एकमेकांना दाखवायचा दागिना आहे. आडव्या ओळीत प्रकरणं, उभ्या रकान्यात सोपे-मध्यम-कठीण, खाली बेरीज ऐंशी, उजवीकडे बेरीज ऐंशी. दोन्हीकडून ऐंशी आले की विभागप्रमुख सही ठोकतात आणि चहा येतो.

आता हीच मंडळी वर्गात काय शिकवतात? तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही. एक चूक दुसरीला खाऊन टाकते आणि दोन्ही बाजू गुण्यागोविंदाने समान दिसतात. भरपाईच्या चुका म्हणतात त्यांना. अकरावीतल्या पोराला हे येतं. त्याच्या मास्तरांना प्रश्नपेढी भरताना मात्र आठवत नाही.

एक पेढी घेऊ. सहा प्रकरणं, प्रत्येकी २० प्रश्न, एकूण १२०. काठिण्य पातळीचं प्रमाण ३०-५०-२० ठरलं, म्हणून सोपे ३६, मध्यम ६०, कठीण २४. प्रकरणांची बेरीज बरोबर, पातळीची बेरीजही बरोबर. आता बेरजा झाकून आतले रकाने बघा. कठीण २४ पैकी ११ भागीदाराच्या प्रवेशात, ९ अंतिम हिशेबात, ४ विसर्जनात. विनिमय विपत्र, भागांचं निर्गमन आणि नफा न कमावणाऱ्या संस्था यांच्या वाट्याला कठीण शून्य. उलट ३६ सोप्यांपैकी ३२ याच तीन प्रकरणांत, आणि प्रवेशात सोपा औषधालाही नाही.

अशा पेढीतून तुम्ही चिठ्ठ्या टाकून पेपर काढा, नाहीतर रात्र जागून काढा, निकाल एकच. विपत्रावर कठीण प्रश्न निघूच शकत नाही आणि प्रवेशावर सोपा निघूच शकत नाही. म्हणजे ‘कठीण’ ही प्रश्नाची पातळी राहिलीच नाही, ते ठरावीक प्रकरणांचं टोपणनाव झालं. पोरं आपल्यापेक्षा हुशार असतात. दोन सराव परीक्षांत त्यांना ते कळतं आणि तिसऱ्या परीक्षेला प्रवेशाचं प्रकरण सोडून बाकीचा अभ्यास सुरू होतो.

दुसरी गंमत मोजमापाची. पेपरात २५ प्रश्न, त्यातले ५ कठीण, म्हणजे २० टक्के झाले की! पण ते पाचही एका गुणाचे, ‘योग्य पर्याय निवडा’वाले. ८० पैकी ५ गुण म्हणजे जेमतेम सहा टक्के. हवे होते १६ गुण. प्रमाण गुणांत मोजायचं असतं, नगांत नाही. हे वाणिज्य शाखेला सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

बरं, रिकामे रकाने भरायचं ठरलं. प्रवेशावर सोपा प्रश्न करा म्हटलं की उत्तर येतं, ‘अहो, प्रकरणच अवघड आहे.’ प्रकरण अवघड नसतं. एकाच गोष्टीतून तिन्ही पातळ्या निघतात. अमोल आणि बापू ३:२ प्रमाणात भागीदार, संस्थेची ख्याती ५०,००० रुपये, चारू एक-पंचमांश हिश्श्यासाठी येते आणि ख्यातीचे १०,००० रोख आणते. त्याग जुन्याच प्रमाणात, तर ६,००० आणि ४,००० वाटा, नोंद करा, संपलं. हा सोपा. आता इतकंच बदला की चारूचा हिस्सा दोघांनी समान दिला. प्रत्येकाचा त्याग एक-दशांश, ख्याती पाच-पाच हजार, नवं प्रमाण ५:३:२. हा मध्यम, कारण ३:२ च्या सवयीवर हात गेला की चुकलाच. कठीण हवा? चारू भांडवल ४०,००० आणते आणि सगळ्यांची भांडवलं तिच्या भांडवलाच्या आधाराने नव्या प्रमाणात जुळवायची आहेत. एकूण भांडवल दोन लाख, म्हणून अमोलचं एक लाख, बापूचं ६०,००० व्हायला हवं. समायोजनांनंतर त्यांच्याकडे ९०,००० आणि ६५,००० असतील, तर अमोल १०,००० आणेल, बापू ५,००० नेईल. आकडे गोलच राहिले, फक्त विचाराच्या पायऱ्या वाढल्या.

आपल्याकडे कठीण करण्याची रीत वेगळी. ५०,००० चे ४७,३८३ करायचे, समायोजना सहाच्या चौदा करायच्या, त्यातली एक कंसात लपवायची. याने प्रश्न कठीण होत नाही, लांब होतो. आणि त्या चौदा समायोजनांत पहिल्याच पायरीला पोरगं घसरलं तर पुनर्मूल्यन खात्यातली चूक भांडवल खात्यात, तिथून ताळेबंदात. चुकलेला आकडा पुढे बरोबर वापरला तर त्या पायरीचे गुण द्या, असं उत्तरसूचीत लिहिलं नसेल, तर एका चुकीला तीनदा शिक्षा.

आणि पातळीचा शिक्का मारतं कोण? ज्याने प्रश्न काढला तोच. स्वतःच्या अपत्याला कोण सोपं म्हणेल? त्यापेक्षा परीक्षा झाल्यावर एक भागाकार करावा: त्या प्रश्नाला मिळालेले सरासरी गुण भागिले कमाल गुण. ०.७ च्या वर गेला तर सोपा, ०.३ च्या खाली तर कठीण, मधला मध्यम. असा नेहमीचा अंदाज आहे. विपत्रावरचा एक ‘सोपा’ प्रश्न घ्या: १२,००० चं विपत्र अनादरित, ४,००० रोख, बाकीच्या रकमेवर तीन महिन्यांचं १२ टक्क्यांनी व्याज धरून नवं विपत्र. नोंदी मोजक्या म्हणून शिक्का सोप्याचा. व्याज ८,००० वर, म्हणजे २४० आणि नवं विपत्र ८,२४० चं. अर्धा वर्ग व्याज १२,००० वर लावून ३६० काढतो. दहा गुणांच्या अशा प्रश्नाची सरासरी २.८ आली की भागाकार ०.२८. म्हणजे तुमचा रिकामा ‘विपत्र-कठीण’ रकाना पेढीतच चुकीच्या नावाने झोपला होता.

भागाकारावर आंधळा विश्वासही नको. आकडा खाली आला की आधी वर्गातल्या वरच्या पोरांच्या उत्तरपत्रिका काढा. त्यांना आलं आणि खालच्यांना नाही, तर प्रश्न खरंच कठीण. वरच्यांनाही नाही आलं, तर बहुधा प्रश्नातच खोट आहे, ताळेबंदाच्या एका बाजूला शून्य कमी छापलंय. शेवटचा १२ गुणांचा प्रश्न कोरा सोडणारे वेगळे मोजा, त्यांना प्रश्नाने नाही, घड्याळाने हरवलं. ‘अथवा’ असलेल्या प्रश्नांत तर सरासरी फक्त निवडणाऱ्यांची असते. सोप्या पर्यायाकडे कच्ची पोरं धावली तर तो कागदावर कठीण दिसतो.

एवढं सगळं करायला दोन दुपारी लागतात. म्हणून बहुतेक ठिकाणी जलद मार्ग निवडला जातो. विपत्राच्या आठ मध्यम प्रश्नांपैकी चारांसमोरचा ‘मध्यम’ खोडायचा आणि ‘कठीण’ लिहायचं. प्रश्नाच्या एका अक्षराला हात लागत नाही, तक्ता मात्र भरतो. नोंदही रीतसर होते:

कठीण प्रश्न खाते … नावे ४
मध्यम प्रश्न खात्याला … ४
(प्राचार्यांच्या तोंडी सूचनेनुसार वर्ग केले.)